बावीस श्रुती : मोजणी आणि गाणे

संगीताच्या परीक्षेस बसणारा प्रत्येक विद्यार्थी तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती अशी बावीस नावे पाठ करतो. ही बावीस नावे म्हणजे सप्तकातील बावीस ठरलेल्या जागा, आणि चांगला गवई त्या जागांवरच स्वर लावतो, अशी त्याची समजूत होते. पुढे तो एखाद्या गवयाचे गाणे ऐकतो आणि त्याचा ऋषभ वा गांधार त्या कोष्टकात बसेनासा होतो. मग दोषी कोण, शास्त्र की गवई? मला वाटते, दोघेही नव्हेत. चूक आहे ती एका मोजणीला पट्टी समजण्यात.

भरताच्या नाट्यशास्त्रात श्रुती येतात त्या दोन ग्रामांतील भेद सांगण्यासाठी. षड्जग्रामात सा चार श्रुतींचा, रि तीन, ग दोन, म चार, प चार, ध तीन आणि नि दोन श्रुतींचा. बेरीज बावीस. दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असेल तर ते परस्परांचे संवादी. सा आणि प यांत तेरा श्रुती आहेत, म्हणून ते संवादी. परंतु रि आणि प यांत दहा श्रुती येतात, म्हणून त्यांचा संवाद नाही. पंचम एका श्रुतीने उतरविला की अंतर नऊ होते, रि-प संवाद जुळतो आणि सा-प संवाद मोडतो. हाच मध्यमग्राम. पंचम जेवढा उतरला तेवढ्या अंतरास भरताने प्रमाणश्रुती म्हटले आहे.

हे अंतर कानाने पारखता येते. सा २४० कंपनांचा मानला तर त्याच्याशी जुळणारा पंचम ३६० कंपनांचा होतो. तीन श्रुतींचा ऋषभ १०/९ या प्रमाणाने २६६ २/३ कंपनांचा धरला, तर त्याच्याशी संवाद करणारा पंचम सुमारे ३५५ १/२ कंपनांचा येतो. दोन तारा या दोन पंचमांत लावून एकदम छेडल्या तर सेकंदास साडेचार वेळा ध्वनी उसळी घेतो. आवाजाची ही लाट कोणाच्याही कानास कळते. भरताची श्रुती अशी प्रत्यक्ष ऐकू येणारी वस्तू होती, काल्पनिक नव्हती.

आता बावीस या संख्येची उपपत्ती पाहू. एकसारख्या जुळविलेल्या दोन वीणा घ्यावयाच्या. एक तशीच ठेवावयाची, दुसरीच्या तारा क्रमाक्रमाने उतरवावयाच्या. पहिल्या उतरणीत दुसरीचा पंचम मध्यमग्रामाचा करून त्याच्या आधाराने सर्व वीणा पुन्हा षड्जग्रामात लावावयाची, म्हणजे ती एका प्रमाणश्रुतीने खाली येते. दुसऱ्या उतरणीत तिचे ग आणि नि पहिलीच्या रि आणि ध यांना मिळतात. तिसरीत तिचे रि आणि ध पहिलीच्या सा आणि प यांना मिळतात. चौथीत तिचे सा, म, प पहिलीच्या नि, ग, म यांना मिळतात. दोन श्रुतींचे स्वर दोन, तीन श्रुतींचे दोन, चार श्रुतींचे तीन; म्हणजे ४, ६ आणि १२, एकूण २२. यासच चतुःसारणा म्हणतात.

या प्रयोगात एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक उतरणीस भरत एक श्रुती म्हणतो, परंतु त्या चारही समान आहेत काय? सप्तकाचे १२०० समान भाग कल्पून त्यांस सेंट म्हणण्याची रीत आहे. चार श्रुतींचे अंतर ९/८, तीनचे १०/९ आणि दोनचे १६/१५ असे मानले, तर ती अंतरे अनुक्रमे २०४, १८२ व ११२ सेंट होतात. मग पहिली उतरण २२ सेंटची, दुसरी ९० ची, तिसरी ७० ची आणि चौथी पुन्हा २२ ची पडते. उलट बावीसही श्रुती समान मानल्या तर प्रत्येक श्रुती सुमारे ५४ १/२ सेंटची होते, आणि तेरा श्रुतींचा पंचम शुद्ध संवादापेक्षा सात सेंट चढा येतो. भरताने आकडे दिलेले नाहीत. संवाद कानाने ओळखावयाचा एवढेच सांगितले आहे. म्हणून त्याच्या शब्दांवरून दोन्ही मते निघू शकतात. मात्र 'श्रुती म्हणजे अमुक सेंट' असे म्हणणारा आपले गृहीत भरताच्या तोंडी घालतो, हे त्याने विसरू नये.

पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात हाच प्रयोग बावीस तारांच्या वीणेवर सांगितला. परंतु ज्या वाद्याधारे ही भाषा जन्मली ते वाद्य मागे पडत होते. प्रत्येक स्वरास स्वतंत्र तार असलेल्या वीणेवर पंचम उतरविणे सोपे. पडद्यांच्या वीणेवर आणि अखंड वाजणाऱ्या आधारस्वरापुढे सा आणि प अचल होतात. तानपुरा पंचमात लावलेला असता पंचम उतरविणारा गवई बेसूरच ठरेल. सोळाव्या शतकापर्यंत मध्यमग्राम व्यवहारातून गेला होता, आणि ज्या भेदासाठी प्रमाणश्रुती होती तो भेदच उरला नाही. मोजणी राहिली, तिचे काम संपले.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न पुन्हा पेटला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींचे गणित प्रसिद्ध केले. प्रयोगांसाठी त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या मताचा पुरस्कार केला आणि बावीस श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय वादाचा ठरला. भातखंडे यांनी दुसरी वाट धरली. बावीस श्रुतींची वाटणी तीच ठेवून त्यांनी शुद्ध स्वर आपापल्या शेवटच्या श्रुतीऐवजी पहिल्या श्रुतीवर मांडले. परिणाम असा की जुन्या मांडणीत जो सप्तक आजच्या काफीच्या जवळ येतो, तोच भातखंड्यांच्या मांडणीत बिलावल होतो. एकाच संख्येतून दोन निराळे सप्तक निघतात, यावरून ती संख्या स्वरांच्या जागा ठरवीत नाही हे उघड आहे.

मग गवयाचा स्वर ठरतो कशाने? तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून पाचव्या कंपनभागाने जो गांधार आपोआप झिरपतो, तो सा २४० धरून मध्य सप्तकात आणला असता ३०० कंपनांचा होतो. पेटीचा गांधार त्याहून १४ सेंट चढा. भूपाचा गांधार बहुधा त्या झिरपणाऱ्या गांधाराकडे झुकतो. दरबारीचा कोमल गांधार मात्र स्थिर राहतच नाही. तो खाली-वर आंदोलत असतो, आणि त्यातला कोणता क्षण मोजावयाचा हाच प्रश्न. १९६३ साली जयराजभाय आणि स्टोन यांनी यंत्राने स्वर मोजले तेव्हा एकच स्वर निरनिराळ्या कलावंतांत निरनिराळ्या उंचीवर आढळला. १९८२ साली लेव्ही यांच्या मोजणीतही असेच लवचीकपण दिसले. गवई रागाच्या चालीप्रमाणे, मागच्या-पुढच्या स्वराच्या ओढीप्रमाणे स्वर लावतो, बाविसांपैकी एक निवडून नव्हे.

म्हणून शिक्षकांनी श्रुतींची नावे शिकवावी, पण सारणेसह शिकवावी. दोन तारा घेऊन पंचम उतरवून दाखवावा, सा-प संवाद मोडताना आणि रि-प संवाद जुळताना मुलांना ऐकू द्यावा. त्यानंतर गवयाचा गांधार कोष्टकाशी न जुळल्यास विद्यार्थी त्याला बेसूर ठरविणार नाही. कोष्टक कशासाठी केले होते, हे त्याला ठाऊक असेल.