मोबाइल जावा गेमचे जतन

मोबाइल जावा गेम म्हणजे स्मार्टफोनपूर्व काळातील साध्या मोबाइल संचांवर चालणारे, जावा या संगणकीय भाषेत लिहिलेले व्हिडिओ गेम होत. भारतात त्यांची विक्री प्रथम दूरसंचार कंपन्यांच्या वॅप पानांवरून व पुढे नोकियाच्या ऑनलाइन दुकानातूनही होत असे. मुंबईत १९९९ साली विशाल गोंडल यांनी स्थापन केलेली इंडियागेम्स ही या क्षेत्रातील एक प्रमुख भारतीय कंपनी होती. ती पुढे यूटीव्ही व त्यानंतर डिस्ने समूहाकडे गेली. डिस्नेने २०१६ मध्ये भारतातील गेम-व्यवसाय आवरता घेतला. नोकियाच्या दुकानाची जागा त्याआधीच, २०१५ मध्ये, ओपेरा मोबाइल स्टोअरने घेतली होती.

नाहीसे होण्याची कारणे

असा गेम म्हणजे .jar या प्रकारची एकच छोटी फाइल असे. नोकियाच्या सुरुवातीच्या काही संचांत तिचा आकार ६४ किलोबाइटपेक्षा अधिक चालत नसे. पडद्याचे आकार वेगवेगळे असल्याने एकाच गेमच्या अनेक आवृत्त्या काढाव्या लागत. त्यामुळे १२८×१२८ बिंदूंच्या पडद्याची आवृत्ती हाती लागली, तरी २४०×३२० ची, अधिक चित्रे असलेली आवृत्ती वाचली असे म्हणता येत नाही.

विकत घेतलेल्या फाइलला अनेकदा ‘फॉरवर्ड लॉक’ असे. अशी फाइल त्या संचावर चाले, मात्र ब्लूटूथने किंवा केबलने दुसरीकडे पाठविता येत नसे. दुकान सुरू असेपर्यंत ही अडचण फारशी जाणवली नाही. ते बंद झाल्यावर ग्राहकाजवळची प्रत त्या संचाच्या आयुष्याशी बांधली गेली. कंपनीची मालकी बदलत गेली, की मूळ आज्ञावली नेमकी कोणाकडे आहे हेही सांगणे कठीण होते.

सध्या उपलब्ध असलेल्या प्रती प्रामुख्याने हौशी संग्राहकांनी जुन्या संचांतून व मेमरी कार्डांतून काढलेल्या आहेत. त्या जे२एमई लोडरसारख्या अनुकरण-प्रणालीवर चालविता येतात. फाइलच्या नावावर विसंबणे धोक्याचे असते. ती उघडून META-INF/MANIFEST.MF मधील MIDlet-Vendor व MIDlet-Version या ओळी पाहिल्यास प्रकाशक आणि आवृत्ती कळते. अर्थात या ओळीही कोणी बदललेल्या असू शकतात. सर्व्हरकडून पुढचे टप्पे मागविणारा गेम मात्र फाइल शाबूत असूनही अर्धवटच राहतो.

जतनाचा वाद

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एन) नुसार अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृतीची इलेक्ट्रॉनिक साठवण करता येते. पण त्या कृतीची अ-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. केवळ डाउनलोडने विकलेल्या गेमची तशी प्रत कधीच नव्हती, त्यामुळे ही सवलत येथे कुचकामी ठरते. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास राखीव प्रत काढण्याची मुभा कलम ५२(१)(एए) देते, परंतु ती स्वतःच्या वापरापुरती आहे. संग्रह इतरांना खुला करण्याची नाही.

अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात २०१० पूर्वीच्या तेथील सुमारे ८७ टक्के गेम बाजारात अनुपलब्ध आढळले. ग्रंथालयांना असे गेम दुरून वापरू द्यावेत ही मागणी तेथील प्रताधिकार कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. संशोधनाच्या नावाखाली ते करमणुकीसाठी खेळले जातील व पुनर्प्रकाशनाच्या बाजाराला धक्का बसेल, असा प्रकाशकांचा आक्षेप होता. जे गेम पुन्हा प्रकाशित होण्याची चिन्हेच नाहीत, त्यांच्या बाबतीत हा आक्षेप दुबळा वाटतो.

भारतात १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांना मुंबईतील मध्यवर्ती ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना पुस्तकांच्या प्रती द्याव्या लागतात. गेमना हे बंधन लागू नाही.