जेवण जठरातच अडतं तेव्हा

दुपारी एक वाजता खाल्लेली मटकीची उसळ रात्री आठ वाजता उलटून पडली, आणि त्यातला मटकीचा दाणा न दाणा ओळखू येत होता. ही तक्रार घेऊन एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. वय ६१. मधुमेह २२ वर्षांचा, त्यातली शेवटची नऊ वर्षं इन्शुलिनवर. चार घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, दिवसभर मळमळ असायची आणि आठवड्यातून चार-पाच वेळा उलटी. सहा महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या.

"डॉक्टर, पथ्य मी एक दिवस मोडलेलं नाही," बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. कोंड्यासकट पिठाची भाकरी, मोड आलेली कडधान्यं, दोन्ही वेळा कच्ची कोशिंबीर, सालासकट पेरू. मधुमेहाच्या रुग्णाला आम्हीच हे सांगतो. बाईंच्या बाबतीत मात्र नेमकं हेच पथ्य नडत होतं. ते का, हे समजायला जवळजवळ दोनशे वर्षं मागं जावं लागेल.

१८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम भरताना पोटावर एक भोक राहून गेलं. ते थेट जठरात उघडत होतं. १८२५ पासून ब्यूमाँटनी या भोकातून प्रयोग सुरू केले. मांस, पाव, कोबी यांचे तुकडे ते रेशमी दोऱ्याला बांधून जठरात सोडत आणि ठरावीक वेळानं ओढून पाहत. १८३३ साली त्यांनी आपले निष्कर्ष पुस्तकरूपानं छापले. त्यातले दोन आपल्या उपयोगाचे आहेत. अन्न जितकं बारीक आणि त्याचा धागा जितका मऊ, तितकं ते लवकर पचतं. आणि तेलकट, चरबीयुक्त अन्नाला वेळ लागतो.

बारीक अन्नच का, हे पुढं क्ष-किरणांनी दाखवलं. १८९६ च्या अखेरीस हार्वर्डमधला वॉल्टर कॅनन हा वैद्यकीय विद्यार्थी प्राण्यांच्या अन्नात बिस्मथचा क्षार मिसळून त्यांचं जठर पडद्यावर पाहू लागला. मांजराच्या जठरावरून लाटा जाताना त्याला दिसल्या. वरचा भाग अन्न साठवतो आणि खालचा भाग ते घुसळतो. खालच्या तोंडाशी एक झडप असते. घन पदार्थांचे कण साधारण एक-दोन मिलिमीटर होईपर्यंत ही झडप त्यांना सहसा पुढं सोडत नाही. मोठे तुकडे परत मागं ढकलले जातात आणि पुन्हा घुसळले जातात. पातळ पदार्थांना हे दळण लागत नाही, ते सरळ पुढं वाहतात. म्हणजे जठर हे नुसतं पोतं नव्हे, ते एक जातं आहे.

या जात्याला फिरवणारी दोरी म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारा व्हेगस मज्जातंतू, आणि लाटेची लय सांभाळणाऱ्या जठराच्या भिंतीतल्या खास पेशी. वर्षानुवर्षांच्या मधुमेहानं जसे पायाचे मज्जातंतू बधिर होतात, तशीच इथलीही यंत्रणा झिजते. पण ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात यायला एक अट होती : रुग्ण तितकी वर्षं जगायला हवा. १९२२ साली टोरँटोमध्ये माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं. त्याआधी लहानपणी किंवा तरुणपणी जडलेला मधुमेह थोड्याच काळात जीव घेई. इन्शुलिननं आयुष्य लांबलं, आणि मग वीस-पंचवीस वर्षांच्या मधुमेहाचे परिणाम दिसू लागले. डोळे, मूत्रपिंडं, पाय आणि जठरही.

१९५८ साली पॉल कॅसँडर या अमेरिकी डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलं : 'गॅस्ट्रोपरेसिस डायबेटिकोरम', म्हणजे मधुमेह्यांच्या जठराचा अशक्तपणा. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच आणखी एक शब्द होता, लक्षणांविना. क्ष-किरणांत जठर भरलेलं दिसत होतं, पण रुग्णाची तक्रार नव्हती. हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. काहींचं जठर फार मंद असतं आणि त्रास थोडा, काहींचं उलट. म्हणून नुसत्या लक्षणांवरून निदान करता येत नाही.

काही वेळा पहिली खूण उलटी नसून साखरेचा लपंडाव असते. रुग्ण जेवणाआधी इन्शुलिन घेतो. इन्शुलिन वेळेवर काम सुरू करतं, पण जेवण जठरातच अडकलेलं असतं. जेवून तासाभरात घाम फुटतो, हातपाय थरथरतात, साखर खाली जाते. मग चार-पाच तासांनी अडलेलं अन्न पुढं सरकतं आणि साखर तीनशेच्या वर जाते. बाईंच्या वहीत हेच आकडे होते. अशा वेळी साखर घसरली तर बिस्किट उपयोगाचं नाही, तेही जठरातच थांबेल. ग्लुकोजचं पाणी प्यावं.

१९९० साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी यात एक भर घातली. रक्तातली साखर चढली की त्या वेळेपुरतं जठर आणखी मंदावतं. म्हणजे दुष्टचक्रच झालं. मंद जठरानं साखर बिघडते आणि बिघडलेल्या साखरेनं जठर मंदावतं.

बाईंची आधी एंडोस्कोपी केली, कारण जठराच्या तोंडाशी व्रण किंवा गाठ असली तरी असाच त्रास होतो. अडथळा नव्हता. मग जठर रिकामं होण्याची तपासणी केली. किरणोत्सारी पदार्थ अन्नात मिसळून जठराचा वेग मोजण्याची ही कल्पना १९६६ पासूनची. आजच्या ठरीव पद्धतीत अंड्याच्या पांढऱ्या भागात थोडं टेक्नेशियम मिसळतात, सोबत पावाचे दोन तुकडे, जॅम आणि पाणी देतात, आणि चार तास कॅमेऱ्यानं मोजतात. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर जठर मंद आहे असं समजतात. बाईंच्या जठरात एकतीस टक्के उरलं होतं. वेदनाशामक अफूजन्य औषधं आणि मधुमेहाची व वजनाची काही नवी इंजेक्शनंही जठर मंदावतात, म्हणून औषधांची यादी आधी तपासावी लागते. बाई यातलं काही घेत नव्हत्या.

आता आहार. बरीच वर्षं डॉक्टर थोडं थोडं खा, तूप-तेल कमी करा, चोथा कमी करा असं सांगत आले. त्याला तर्क होता, पण चाचणीचा आधार तोकडा होता. २०१४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी तो मिळवला. इन्शुलिन घेणाऱ्या ५६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि वीस आठवडे पाहिलं. एका गटाला मधुमेहाचा नेहमीचा आहार, दुसऱ्याला बारीक कणांचा. कसोटी साधी होती : उकडलेल्या बटाट्यासारखा जो पदार्थ काट्यानं दाबला की सहज कुस्करतो, तो चालेल. साली, टरफलं, अख्खे दाणे, धागेदार भाज्या नकोत. दुसऱ्या गटात मळमळ, उलटी, पोट गच्च होणं आणि फुगणं कमी झालं. पोटदुखी मात्र कमी झाली नाही. ब्यूमाँटनी रेशमी दोऱ्यावर पाहिलेली गोष्ट अशी रुग्णाच्या ताटात आली. जातं फिरत नसेल तर दळण बाहेरच करून द्यायचं.

बाईंच्या घरी काटा कुणी वापरत नव्हतं. आम्ही चिमटीची कसोटी ठरवली. अंगठा आणि बोट यांच्यात दाबल्यावर गुळगुळीत लगदा झाला पाहिजे, बोटाला साल किंवा धागा लागता कामा नये. मटकी, चवळी, वाल, मक्याचे दाणे, शेंगदाणे, ओलं खोबरं, मेथीचे देठ, शेवग्याच्या शेंगा, पेरू, संत्र्याच्या फोडी हे सगळं बाजूला पडलं. तीन मोठ्या जेवणांची सहा लहान खाणी झाली. सकाळी एक वाटी मऊ रव्याचा सैल उपमा, तेल एक चमचा. दहा वाजता गाळलेलं ताक. दुपारी गुरगुट्या भात आणि साल नसलेल्या मुगाच्या डाळीचं वरण, जोडीला साल-बिया काढून उकडून घोटलेला दुधी. चार वाजता कपभर दूध. सहाला मऊ शिजवलेलं, बारीक कुस्करलेलं अंडं किंवा काटे काढलेला मासा. रात्री आठला मुगाचं गाळलेलं कढण. सकाळी घन आणि संध्याकाळी पातळ असा क्रम ठेवला, कारण अनेकांना दिवस चढत जातो तसा त्रास वाढतो. जेवून आडवं व्हायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं घरातच फिरायचं. त्यांच्या सुनेनं एक युक्ती काढली. होळीलाच बाहेर निघणारं पुरणयंत्र तिनं रोजच्या वापरात आणलं. जे त्या जाळीतून पडेल ते सासूबाईंच्या पानात.

असं जेवण लवकर साखर वाढवतं, म्हणून इन्शुलिनची मात्रा आणि वेळ बदलावी लागली. हे डॉक्टरांनीच करायचं काम आहे. मूत्रपिंडं दुखावलेली असतील तर दूध, वरण, बटाटा यांचं प्रमाणही त्यांनाच विचारावं.

तीन महिन्यांनी बाईंची उलटी महिन्यातून एक-दोनदावर आली होती. पोट जड होणं पुरतं गेलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत त्यांनी तळलेल्या पुऱ्या आणि मसालेभात खाल्ला, तेव्हा त्याच रात्री पुन्हा उलटी झाली. आहारानं झिजलेला मज्जातंतू दुरुस्त होत नाही, त्याच्यावरचा भार तेवढा हलका होतो.

औषधं आहेत, पण त्यांची बाजू सांभाळून. मेटोक्लोप्रामाइडनं जठराला गती येते. मात्र ते फार काळ घेतल्यास चेहरा आणि जीभ आपोआप हलू लागण्याचा विकार जडू शकतो. अमेरिकेत २००९ साली त्यावर कडक इशारा छापणं सक्तीचं झालं. म्हणून दुकानातून आपल्या मनानं ते घेत राहू नये.

आणि एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, उलटीत रक्त दिसलं किंवा रुग्णाला गुंगी येऊ लागली, तर घरी वाट पाहू नये. जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन पूर्ण बंद करण्याची चूक पुष्कळ घरांत होते. ती जिवावर बेतू शकते. किती कमी करायचं ते डॉक्टरांना विचारून करावं.

बाई आता दवाखान्यात येतात तेव्हा वही घेऊन येतात. डावीकडे साखरेचे आकडे, उजवीकडे काय खाल्लं ते. परवा त्यांनी विचारलं, "मटकी पुन्हा कधी?" मी म्हटलं, शिजवा, पुरणयंत्रातून काढा आणि सालं वर राहिली की खालचं खा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)