मेनूची कड कुठे जाते? ओव्हरस्कॅनची ऐंशी वर्षांची सवय

धागा 🧵

नवा कन्सोल, नवा सपाट टीव्ही, आणि तरीही गेमच्या मेनूतील पहिले अक्षर अर्धे कापलेले. कोपऱ्यातील जीवनपट्टी चौकटीबाहेर गेलेली. दोष बहुधा गेमचाही नसतो आणि टीव्ही बिघडलेलाही नसतो. काचेच्या नळीच्या काळात जडलेली एक सवय नळी गेल्यावरही टिकून राहिली आहे, तिचा हा परिणाम. त्या सवयीचे नाव ओव्हरस्कॅन.

प्रारंभ नळीपासून. जुन्या टीव्हीत चित्र उमटे ते इलेक्ट्रॉनच्या एका झोतामुळे. नळीच्या मानेभोवतीची वेटोळी त्या झोताला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवत. हा झोत पडद्याच्या अचूक कडेवर थांबवणे व्यवहारात अशक्य होते. विद्युत घटक कारखान्यातूनच किंचित कमीअधिक क्षमतेचे येत, तापल्यावर बदलत, वयानुसार झिजत. विजेचा दाब हलला की चित्रही आक्रसे किंवा फुगे. (टीव्हीशेजारी स्टॅबिलायझरची पेटी ठेवणाऱ्या भारतीय घरांना हे सांगायची गरज नाही.) त्यात नळीचे कोपरे गोलसर.

अशा स्थितीत चित्र पडद्याएवढेच राखले असते, तर आज ना उद्या कडेला काळी पट्टी दिसली असती आणि ग्राहकाने तक्रार केली असती. म्हणून उत्पादकांनी सोपा मार्ग निवडला: चित्र पडद्याहून थोडे मोठेच पाडायचे. कडा चौकटीमागे दडतील, पट्टी कधीच दिसणार नाही. किती भाग दडेल, हे मात्र संचागणिक वेगळे.

आता प्रश्न प्रक्षेपण करणाऱ्यांपुढे उभा राहिला. प्रेक्षकाला कोणता भाग नक्की दिसेल? अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संस्थेने त्यासाठी दोन काल्पनिक चौकटी आखून दिल्या. चित्राच्या रुंदी-उंचीच्या ९० टक्के आतील भाग म्हणजे कृतीसाठी सुरक्षित. ८० टक्के आतील भाग म्हणजे अक्षरांसाठी सुरक्षित. धावणाऱ्या माणसाचा हात कापला गेला तरी चालेल, पण नावातील अक्षर कापले जाता कामा नये, असा त्यामागचा साधा विवेक. ‘सेफ एरिया’ हा शब्द आज गेमच्या सेटिंग्जमध्ये भेटतो तो इथून आलेला आहे.

गेम बनवणाऱ्यांनी ही मर्यादा किती गांभीर्याने घेतली, याचा लेखी पुरावा खुद्द गेमच्या आत सापडतो. उदाहरण १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे. निन्टेंडोच्या फॅमिकॉम आणि एनईएस या यंत्रांचे चित्र २५६ बिंदू रुंद आणि २४० बिंदू उंच. ते ८ बाय ८ बिंदूंच्या फरशांनी भरले जाई: आडव्या ३२ फरशा, उभ्या ३० ओळी. वरच्या पट्टीतील ‘MARIO’ हे नाव कुठे लिहायचे, याचा पत्ता गेमच्या माहितीत असा नोंदवलेला आहे:

```
$20 $43
```

पडद्याचा आरंभ `$2000` या पत्त्यावर होतो. म्हणजे नाव आरंभापासून `$43`, अर्थात दशमान पद्धतीत ६७ फरशा पुढे. एका ओळीत ३२ फरशा. ६७ म्हणजे दोन पूर्ण ओळी आणि वर तीन फरशा. सोप्या भाषेत, वरच्या दोन ओळी आणि डावीकडच्या तीन फरशा मुद्दाम मोकळ्या सोडून तिथून नाव सुरू होते. वरून १६ बिंदू, डावीकडून २४.

हे आकडे अभियंत्यांच्या चौकटीशी ताडून पाहावेत. ८० टक्क्यांच्या नियमाने डावीकडे साधारण २५.६ बिंदू सोडायला हवे होते; गेमने २४ सोडले, म्हणजे जवळजवळ तेवढेच. वर नियमाप्रमाणे २४ हवेत, सोडले १६. इथे थोडे धाडस केले आहे, पण अमेरिकी व जपानी संचांवर वरच्या साधारण ८ ओळी दडत, त्याच्या दुप्पट अंतर राखलेले आहे. एवढ्याशा स्मृतीच्या यंत्रात पडद्याच्या कडा रिकाम्या सोडणे हा आळस नव्हता, हिशोब होता.

आणि दडलेली कड केवळ अडचण नव्हती. ती अडगळीची खोलीही होती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ (जपानमध्ये १९८८) खेळताना उजव्या कडेला चुकीच्या रंगांचे तुकडे लुकलुकताना दिसतात. कारण असे की या यंत्राच्या स्मृतीत दोनच पडद्यांची जागा होती आणि या गेमने ती एकाखाली एक अशी वापरली. त्यामुळे आडवे सरकताना एका कडेने बाहेर जाणारा स्तंभ आणि दुसऱ्या कडेने आत येणारा स्तंभ एकाच जागेसाठी भांडत. त्यातच रंग नेमून देण्याचा घटक १६ बिंदू रुंद, त्यामुळे काही क्षण जुन्या दृश्यावर नव्याचे रंग चढत. नळीच्या टीव्हीवर हा पसारा पुष्कळसा चौकटीमागे राही. आज तोच गेम संपूर्ण चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर लावला, की पसारा उघडा पडतो.

भारतातील अनुभव याहून निराळा होता, आणि त्याची नोंद क्वचितच होते. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील घरांत आलेली कार्ट्रिजची व्हिडिओ गेम यंत्रे बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि इथले टीव्ही ६२५ ओळींच्या पाल पद्धतीचे. त्या पद्धतीत एका फेरीत दृश्य ओळी २८८. गेमच्या ओळी २४०. म्हणजे वर-खाली मिळून ४८ ओळी रिकाम्या. टीव्हीने कापायचे ते प्रामुख्याने या रिकाम्या पट्ट्यांतून कापले. पाल संकेत देणाऱ्या नकलेवर खेळणाऱ्या इथल्या मुलाला, अमेरिकी मुलाला न दिसलेल्या वरच्या-खालच्या ओळीही दिसत असत.

मग आले एलसीडी. इथे झोत नाही, वेटोळी नाहीत. १९२० बाय १०८० बिंदू जागच्या जागी बसवलेले. ओव्हरस्कॅनचे मूळ कारण संपले होते. तरीही ती सवय राहिली, कारण प्रक्षेपणाचे जुने संकेत तसेच येत होते: चित्राच्या अगदी वरच्या कडेला उपशीर्षकांच्या माहितीचे लुकलुकणारे पांढरे ठिपके, बाजूंना गढूळ किनार. ते झाकण्यासाठी नवे टीव्हीही चित्राचा मधला भाग कापून तो पूर्ण पडद्यावर ताणू लागले. २००९ मध्ये एसएमपीटीईने रुंद पडद्यासाठी चौकटी सैल केल्या, कृतीसाठी ९३ आणि अक्षरांसाठी ९० टक्के; पण रद्द केल्या नाहीत.

या ताणण्याचा हिशोब एकदा करून पाहण्याजोगा आहे. टीव्ही प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापतो असे धरू. डावी-उजवीकडून ४८-४८ बिंदू गेले, वर-खालून २७-२७. उरले १८२४ बाय १०२६, आणि ते फुगवून पुन्हा १९२० बाय १०८० वर पसरले. गेमने जीवनपट्टी डावीकडून ३२ व्या बिंदूवर सुरू केली असेल, तर तिचे पहिले १६ बिंदू गायब. उलट ९० टक्क्यांची चौकट पाळणारा गेम डावीकडे ९६ आणि वर ५४ बिंदू सोडतो. त्याचा मेनू सुखरूप राहतो. मात्र दुसरे नुकसान दोघांनाही भोगावे लागते: एक बिंदू १.०५ बिंदूंवर पसरल्याने बारीक अक्षरे किंचित धूसर होतात. मेनूतील समान जाडीच्या रेषा कुठे जाड, कुठे फिकट दिसू लागल्या, की टीव्ही चित्र ताणतो आहे असे समजावे, मग काही कापलेले दिसो वा न दिसो.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा ठरतो: आधी टीव्ही, मग कन्सोल, शेवटी गेम. टीव्हीतील पर्यायाला प्रत्येक कंपनीने वेगळे नाव दिले, हा या इतिहासातील विनोदी भाग. एलजीवर तो `Just Scan`, सोनीवर `Full Pixel`, सॅमसंगवर `Screen Fit` किंवा `Fit to Screen`, फिलिप्सवर `Unscaled`. बहुधा तो चित्राच्या आकाराच्या किंवा गुणोत्तराच्या मेनूत असतो. टीव्ही ही निवड बऱ्याचदा प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो. केबल दुसऱ्या खाचेत लावली आणि कड पुन्हा कापली गेली, तर कारण हेच.

टीव्हीत असा पर्यायच नसेल, तर कन्सोलकडे वळावे लागते. निन्टेंडो स्विचच्या `System Settings` मध्ये टीव्हीच्या विभागात `Adjust Screen Size` आहे; ते अख्खे चित्रच लहान करते. चारही कोपऱ्यांतील खुणा पडद्याच्या कडेला नेमक्या टेकेपर्यंत ते फिरवायचे. चित्र पूर्ण दिसते, पण आधी आक्रसते आणि मग टीव्हीत ताणले जाते, धूसरपणा दुप्पट. प्लेस्टेशन ४ वर `Display Area Settings` आणि प्लेस्टेशन ५ वर `Adjust Display Area` आहे. यातील गोम अशी की कन्सोल ही मर्यादा गेमला कळवू शकतो, पण ती पाळणे गेमच्या हाती. मुख्य मेनू नीट बसला आणि एखाद्याच गेमची पट्टी कापली गेली, तर त्या गेमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षित क्षेत्राची सरकपट्टी शोधावी.

मेनूचा आकार बदलणे ही याहून वेगळी गोष्ट, आणि दोन्हींची गल्लत फार होते. त्यामागेही एक प्रसंग आहे. २००६ मध्ये कॅपकॉमचा ‘डेड रायझिंग’ एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हा असंख्य घरांत अजून नळीचेच टीव्ही होते. गेमची अक्षरे उच्च स्पष्टतेच्या पडद्यासाठी कोरलेली. ७२० ओळींच्या चित्रात १८ ओळी उंच असलेले अक्षर ४८० ओळींच्या टीव्हीवर १२ ओळींचे होते, त्यातही एका फेरीत निम्म्याच ओळी उमटतात. खेळाडूंना आदेश वाचता येईनात आणि तक्रारींचा गदारोळ झाला. इथे कड कापली गेलीच नव्हती. सुरक्षित क्षेत्र पाळूनही अक्षर वाचण्याजोगे उरले नव्हते. पुढे २०१५ च्या ‘द विचर ३’लाही सोफ्यावरून न वाचता येणाऱ्या अक्षरांपायी नंतर मोठ्या अक्षरांची सोय द्यावी लागली.

म्हणून गेममध्ये दोन्ही सरकपट्ट्या असतील, तर आधी सुरक्षित क्षेत्र ठरवावे आणि मगच मेनूचा आकार वाढवावा. उलट क्रमाने गेल्यास काही गेममध्ये मोठा झालेला मेनू पुन्हा कडेबाहेर जातो, आणि पहिले अक्षर जिथे हरवले होते तिथेच परत हरवते.