यूट्यूबवरील गोठलेली दृश्यसंख्या

गोठलेली दृश्यसंख्या म्हणजे नव्याने चढवलेल्या चित्रफितीच्या खाली दिसणारा दर्शनांचा सार्वजनिक आकडा काही काळ एकाच जागी थांबलेला दिसणे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे यूट्यूबवर २०१५ पर्यंत दिसणारा `301+` हा आकडा होय. या काळात चित्रफीत पाहिली जातच असे. थांबलेले असे ते केवळ सार्वजनिक आकड्याचे अद्ययावतीकरण.

== कारण ==

एकच चित्रफीत निरनिराळ्या ठिकाणच्या अनेक सर्व्हरांवरून दाखवली जाते. त्यामुळे खरी बेरीज करण्यासाठी त्या सर्वांच्या नोंदी एकत्र आणाव्या लागतात. शिवाय स्वयंचलित प्रणालींद्वारे केलेली कृत्रिम दर्शने त्यांतून वगळावी लागतात. आरंभीच्या थोड्या दर्शनांत फसवणूक झाली तरी तिचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून ती लगेच मोजली जात. सुमारे ३०० च्या पुढे मात्र चित्रफीत लोकप्रिय ठरण्याची शक्यता गृहीत धरून पडताळणीनंतरच आकडा पुढे सरकवला जाई. यास कित्येक तास, कधी एखादा दिवसही लागे.

== ३०१ च का? ==

जून २०१२ मध्ये ब्रेडी हॅरन यांच्या ‘नंबरफाइल’ या वाहिनीवर यूट्यूबचे टेड हॅमिल्टन यांनी याचा खुलासा केला. मर्यादा ३०० ची होती; परंतु आज्ञावलीत ‘पेक्षा कमी’ (`<`) ऐवजी ‘पेक्षा कमी किंवा समान’ (`<=`) अशी अट होती. आकडा २९९ असताना नवे दर्शन आले की अट पूर्ण होऊन तो ३०० होई. पुढील दर्शनाच्या वेळी ३०० हा ३०० च्या समान असल्याने अट पुन्हा पूर्ण होई आणि आकडा ३०१ वर जाई. त्यानंतर अट मोडत असल्याने तत्काळ मोजणी थांबे. ‘पेक्षा कमी’ अशी अट असती, तर सर्व चित्रफिती ३०० वर थांबल्या असत्या. गंमत म्हणून यूट्यूबने या मुलाखतीची दृश्यसंख्याही ३०१ वरच ठेवली.

== ओळख ==

पसंती आणि प्रतिक्रिया या पडताळणीतून जात नसल्याने त्या वाढतच राहत. दर्शने ३०१ आणि पसंती हजारांवर, अशी वरकरणी अशक्य जोडी दिसली की आकडा गोठला आहे हे ओळखता येई. पसंतीही थबकलेली असेल, तर मात्र प्रेक्षकच न येण्याचा संभव अधिक. हा फरक लक्षात न आल्याने अनेक निर्माते आपली दर्शने हिरावली गेल्याचा समज करून घेत.

== २०१५ नंतर ==

ऑगस्ट २०१५ मध्ये यूट्यूबने ही प्रथा बंद केल्याचे जाहीर केले. तेव्हापासून विश्वासार्ह वाटणारी दर्शने लगेच मोजली जातात, तर संशयास्पद दर्शने पडताळणीसाठी बाजूला ठेवली जातात. पडताळणी मात्र संपलेली नाही. त्यामुळे आजही आकडा अधूनमधून मंदावतो, थांबतो, अवैध दर्शने वगळल्यास घटतोही. यूट्यूब स्टुडिओमध्ये निर्मात्यास दिसणारा तात्कालिक आकडा हा अंदाज असल्याने तो सार्वजनिक आकड्याशी जुळेलच असे नाही.