कोंडा परत का येतो? किटोकोनाझोल शाम्पूच्या वेळापत्रकाचा इतिहास

"डॉक्टर, शाम्पू वापरला तेव्हा कोंडा गेला होता. बंद केला आणि महिन्याभरात परत आला. म्हणजे औषध लागू पडलं नाही का?" हा प्रश्न बहुतेक रुग्ण विचारतात. औषध लागू पडलेले असते. मात्र ते किती दिवस, किती वेळा आणि नंतर कसे वापरायचे हे बाटली घेताना फारसे कुणी सांगत नाही. ते समजून घ्यायचे तर कोंड्याच्या कारणावर शंभर वर्षे चाललेला वाद पाहावा लागेल.

बुरशी कारण की पाहुणी?

१८७४ मध्ये फ्रेंच संशोधक लुई-शार्ल मालासे यांना कोंड्याच्या खपल्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, गोलसर पेशी दिसल्या. हीच ती यीस्ट जातीची बुरशी. आज तिला त्यांच्याच नावावरून मालासेझिया म्हणतात. १८८७ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उना यांनी तेलकट जागी येणाऱ्या लालसर, खपल्यांच्या त्रासाचे वर्णन केले. डोके, भुवया, नाकाच्या कडा, कानामागे आणि छातीवर येणाऱ्या या त्रासाला आज आपण सेबोऱ्हिक डर्माटायटिस म्हणतो. साधा कोंडा हे त्याचेच सौम्य रूप मानले जाते.

पण बुरशी दिसली म्हणजे तीच कारण आहे, असे सिद्ध होत नाही. ती निरोगी माणसाच्या डोक्यावरही असते. शिवाय तिला वाढायला तेल लागते, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या माध्यमात ती नीट वाढत नसे आणि तिचा अभ्यासही रेंगाळला.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांचे मत असे होते की, टाळूच्या पेशी भराभर तयार होऊन गळतात हाच मूळ दोष. खपल्या वाढल्या की बुरशीला जागा मिळते, म्हणून ती वाढते. हे खरे मानले तर पेशींचा वेग कमी करणारे औषध हवे. बुरशीनाशकाचा उपयोग होणार नाही.

गोळीने निकाल लावला

याच दशकाच्या उत्तरार्धात बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत किटोकोनाझोल तयार झाले. बुरशीच्या पेशीचे आवरण एर्गोस्टेरॉल नावाच्या पदार्थावर टिकून असते, आणि तो तयार होण्याची प्रक्रिया हे औषध अडवते. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळीला मान्यता मिळाली.

आता वाद तपासायला साधन हाती आले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील शुस्टर आणि सहकाऱ्यांनी सेबोऱ्हिक डर्माटायटिसच्या रुग्णांवर किटोकोनाझोलच्या गोळीची चाचणी केली आणि १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोळीने त्रास कमी झाला. बुरशी दाबली की खपल्याही कमी होतात हे दिसले, म्हणजे ती केवळ पाहुणी नव्हती.

आजची समजूत अशी: ही बुरशी आपल्या त्वचेवरचे तेल तोडून खाते. त्यातून सुटणारी काही मेदाम्ले, विशेषतः ओलेइक आम्ल, काही जणांच्या त्वचेला झोंबतात. ती त्वचा चिडते आणि खपल्या टाकते. बुरशी सगळ्यांकडे असूनही कोंडा काहींनाच का होतो, याचा बराचसा उलगडा यातून होतो.

गोळी मात्र या कामासाठी टिकली नाही. यकृताला गंभीर इजा होण्याच्या धोक्यामुळे २०१३ मध्ये अमेरिका आणि युरोपातील औषध नियामकांनी तिच्यावर कडक पावले उचलली. शाम्पू आणि क्रीममधून औषध रक्तात जवळजवळ जात नाही, त्यामुळे हा धोका त्यांना लागू होत नाही. म्हणून कोंड्यासाठी किटोकोनाझोलची गोळी स्वतःहून कधीही घेऊ नये.

आठवड्यातून एकदा: हा आकडा कुठून आला?

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५७५ जणांनी २ टक्के किटोकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरला. ८८ टक्के लोकांना उत्तम फरक पडला. पण खरा प्रश्न पुढचा होता: आता थांबायचे की चालू ठेवायचे?

बरे झालेल्यांपैकी ३१२ जणांचे तीन गट करून सहा महिने पाहिले. पहिल्या गटाने दर आठवड्याला एकदा औषधी शाम्पू वापरला. दुसऱ्याने एका आठवड्यात औषधी आणि पुढच्या आठवड्यात बिनऔषधी, असा आलटून पालटून. तिसऱ्याने फक्त बिनऔषधी. त्रास परत आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १९, ३१ आणि ४७ टक्के निघाले.

हे शंभर माणसांच्या हिशेबात पाहू. औषध थांबवले तर सहा महिन्यांत सुमारे ४७ जणांचा कोंडा परतेल. आठवड्याला एकदा लावले तर सुमारे १९ जणांचा. म्हणजे निम्म्याहून अधिक पुनरावृत्ती टळतात, पण सगळ्या नाही. आणि काही न लावताही ५३ जण सहा महिने बरे राहिले, म्हणजे प्रत्येकाला जन्मभर शाम्पू लागतोच असेही नाही. बुरशी त्वचेवर कायमच राहते. शाम्पू तिची संख्या खाली ठेवतो, तिला हद्दपार करत नाही.

मग वापरायचे कसे?

केस ओले करा, शाम्पू केसांपेक्षा टाळूच्या कातडीवर चोळा आणि तीन ते पाच मिनिटे ठेवून मग धुवा. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. "शाम्पूने फरक नाही" या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. नंतर आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा. मधल्या दिवशी नेहमीचा शाम्पू चालतो.

कोंडा असताना रात्रभर तेल चोपडून ठेवू नका. खपल्या मऊ होऊन दबतात, म्हणून बरे वाटते. पण बुरशीचे अन्न तेलच आहे.

चेहऱ्यावर, म्हणजे भुवया, नाकाच्या कडा आणि कानामागे, २ टक्के क्रीम दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन ते चार आठवडे पातळ लावतात. विकत घेताना नळीवरचे नाव पूर्ण वाचा. किटोकोनाझोलसोबत क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेली क्रीमही मिळतात. त्यांनी लाली दोन दिवसांत जाते, पण चेहऱ्यावर बरेच दिवस लावल्यास कातडी पातळ होते आणि बंद केल्यावर त्रास उसळतो. असे क्रीम बरेच दिवस लावत असाल तर एकदम सोडू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

शाम्पूने कधी टाळू कोरडी पडते किंवा खाज येते. पांढऱ्या किंवा रंगवलेल्या केसांच्या रंगात थोडा फरक पडू शकतो.

चार आठवड्यांनी फरक नसेल तर

तेव्हा बाटली बदलण्याआधी निदान तपासून घ्या. जाड, चंदेरी खपल्या केसांच्या रेषेबाहेर येत असतील, कोपर-गुडघ्यांवरही असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्यांसोबत केस तुटून चकत्या पडल्या असतील तर तो डोक्याचा नायटा असू शकतो. तो नुसत्या शाम्पूने बरा होत नाही, त्याला पोटातून औषध लागते. या दोन्हींसाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.