१ जूनचा वाढदिवस, ३१ मेचा निरोप

मंडळी, ३१ मेला आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात डोकावून बघा. शाल, श्रीफळ, हार, पेढे. शाळा असो की पंचायत समिती, एकाच दिवशी निरोप समारंभांची रांग लागते. कारण तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख १ जून आहे. आईला आठवायचं ते "पोळ्याच्या आधी झाला" एवढंच. मग शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकली, आणि दाखल्यावर तीच कायम झाली.

पण एक प्रश्न मला बरेच जण विचारतात. वय पूर्ण होतं १ जूनला, नियम सांगतो की वय पूर्ण होईल त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. मग ३० जूनला घरी जायला पाहिजे. ३१ मेलाच का पाठवतात? एक महिन्याचा पगार गेला कुठे?

याचं उत्तर तीनशे वर्षं जुनं आहे, आणि ते इंग्लंडातून आलंय.

आपण वय वाढदिवसापासून मोजतो. इंग्लंडची जुनी न्यायालयं जन्माचा दिवस धरून मोजायची. जन्मला तो दिवस पहिला. म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस वाढदिवसाच्या आदल्या दिवशी येतो. त्यात दुसरं तत्त्व असं, की कायदा दिवसाचे तुकडे करत नाही. वर्ष रात्री बाराला पुरं होत असलं, तरी तो अख्खा दिवस हिशोबात धरायचा. म्हणून माणूस एकवीस वर्षांचा व्हायचा तो वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, अगदी सकाळपासून. १७०४ च्या एका निकालात हे स्पष्ट दिसतं.

१९१८ साली तिथे एक चटका लावणारा खटला झाला. मृत्युपत्रात अट होती की पंचविशी गाठली तर मालमत्ता मिळेल. तो तरुण पहिल्या महायुद्धात पंचविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मारला गेला. न्यायालय म्हणालं, त्याने पंचविशी गाठली होती. हक्क शाबूत राहिला.

हेच गणित आपल्याकडे एका उमेदवाराच्या विरोधात गेलं. प्रभू दयाल सेसमा विरुद्ध राजस्थान राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९८६. उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६ चा. राज्यसेवेच्या भरतीची अट होती की १ जानेवारी १९८४ रोजी २८ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. तो म्हणाला, माझा वाढदिवस तर दुसऱ्या दिवशी आहे. आता बोटांवर मोजा. पहिलं वर्ष संपलं १ जानेवारी १९५७ ला. अठ्ठाविसावं संपलं १ जानेवारी १९८४ ला. अपील फेटाळलं गेलं. एका दिवसाने संधी हुकली.

आता आपल्या गुरुजींकडे या. जन्म १ जून १९६६, निवृत्तीचं वय ५८. अठ्ठावन्नावं वर्ष संपतं ३१ मे २०२४ ला. म्हणजे वय मे महिन्यात पूर्ण झालं, निवृत्तीही मे अखेर. जन्मतारीख २ जून असती तर वय १ जून २०२४ ला पूर्ण झालं असतं आणि पूर्ण जून महिना नोकरी मिळाली असती. म्हणूनच पेन्शनच्या नियमांत वेगळं लिहून ठेवलंय, की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होईल. साहेबांचा किंवा क्लार्कचा त्यात काही डाव नाही.

गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडने हा नियम मोडीत काढला. १९६९ च्या कायद्याने ठरवलं की वय वाढदिवसाचा दिवस सुरू होताच पूर्ण होतं, आणि १९७० पासून ते लागू झालं. आपल्या १८७५ च्या सज्ञानता कायद्यातही अठराव्या वाढदिवसाच्या सुरुवातीलाच माणूस सज्ञान होतो असंच लिहिलंय. पण नोकरीच्या बाबतीत आदल्या दिवसाचा हिशोब कायम आहे.

म्हणून ज्यांची पोरं स्पर्धा परीक्षा देतायत त्यांनी जाहिरातीतली वयाची ओळ दोनदा वाचा. वाढदिवस ठरलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी येत असेल, तर सावध. आणि दाखल्यावरची तारीख खरंच चुकली असेल, तर निवृत्ती जवळ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. राज्य सरकारच्या सेवेत हा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

गुरुजींनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी टाकाने एक आकडा लिहिला. एकाऐवजी दोन लिहिला असता, तर कित्येकांना एक पगार जास्त मिळाला असता. तुमच्या घरात १ जूनवाले किती आहेत? कमेंटमध्ये सांगा.