भूमिकेनुसार प्रवेश आणि गुणधर्मानुसार प्रवेश : फरक काय?

संगणकप्रणालीत कोणाला काय उघडता यावे हे ठरवण्याची रुळलेली पद्धत म्हणजे भूमिकेनुसार प्रवेश (आरबीएसी). फेरायोलो आणि कून यांनी १९९२ मध्ये तिची औपचारिक मांडणी केली. परवानगी व्यक्तीला न देता ‘परिचारिका’, ‘लेखापाल’ अशा भूमिकेला द्यायची आणि व्यक्तीला त्या भूमिकेत बसवायचे. हक्क केवळ पदावर अवलंबून असेल, तर याहून सोपे काही नाही.

अडचण येते ती पदाला ठिकाण आणि वेळ चिकटली की. समजा, एका रुग्णालयाच्या दोन इमारती आहेत, प्रत्येकीत १२ वॉर्ड आणि दिवसाच्या ३ पाळ्या. परिचारिकेने फक्त आपल्या वॉर्डातल्या रुग्णांची आणि तीही ड्युटीवर असतानाच माहिती पाहावी, असा नियम आहे. भूमिकांनी तो बसवायचा तर एकट्या परिचारिकांसाठी ७२ भूमिका लागतात. बदली झाली की नवी भूमिका तत्परतेने दिली जाते, कारण तिच्यावाचून काम अडते. जुनी काढायची मात्र राहून जाते, कारण त्यावाचून कोणाचेच अडत नाही. एकाच व्यक्तीच्या नावावर चार-पाच वॉर्ड दिसू लागले, की हेच घडले आहे असे समजावे.

गुणधर्मानुसार प्रवेशात (एबीएसी) प्रत्येक मागणीच्या क्षणी व्यक्ती, नोंद आणि परिस्थिती यांचे गुणधर्म तपासले जातात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१४ मध्ये यावर मार्गदर्शिका काढली. वरचा नियम मग एवढाच उरतो :

```
allow if user.role == "nurse"
  and user.ward == patient.ward
  and duty.start <= now
  and now < duty.end
```

यात भूमिका गेलेली नाही. ती अनेक गुणधर्मांपैकी एक झाली आहे. व्यवहारात बहुतेक ठिकाणी असे मिश्रणच टिकते.

वेळेचा नियम दिसतो तितका साधा नसतो. रात्रपाळी २० ते ८ असेल आणि ‘तास २० किंवा जास्त, आणि ८ पेक्षा कमी’ असे लिहिले, तर ही अट कधीच खरी होत नाही. म्हणून वर नुसते तास न घेता ड्युटी तक्त्यातली तारखेसह वेळ घेतली आहे. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असेल आणि तक्ता भारतीय वेळेत, तर सारे साडेपाच तासांनी सरकते. शिवाय पाळी बदलताना काम हाती देण्यासाठी थोडी सवलत हवीच, आणि आणीबाणीत कारण नोंदवून उघडता येईल असा मार्गही.

खरी जोखीम गुणधर्मांच्या ताजेपणाची आहे. बदलीची नोंद आस्थापना विभागाने आठवडाभराने केली, तर नियम अचूक असूनही उत्तर आठवडाभर चुकीचे येते. दुसरी मर्यादा लेखापरीक्षकाला जाणवते. ‘ही नोंद कोण पाहू शकते?’ याचे उत्तर भूमिकांत यादी काढून मिळते. इथे ते दर तासाला बदलते.

त्यामुळे औषधसाठा नोंदवणे, बिल रद्द करणे अशी पदाशी बांधलेली कामे भूमिकेवरच ठेवावीत. एकच पद विभागागणिक किंवा पाळीगणिक वेगळ्या नावाने पुन्हा तयार करावे लागू लागले, की तेवढ्या भागापुरता गुणधर्मांचा नियम आणावा.